बिल चुकलं, क्लायंटने पैसेही भरले: आता माफीचा मेल कसा लिहायचा

समजा, नागपुरात एसी देखभालीचं काम करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये तुम्ही नुकतेच बिलिंगला लागला आहात. मालक धरमपेठेतल्या ऑफिसात कमी आणि साइटवर जास्त असतात, त्यामुळे बिलं, वसुली आणि क्लायंटचे फोन हे सगळं हळूहळू तुमच्या टेबलावर आलंय. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं वार्षिक कंत्राट तुमच्याकडे आहे. ४८ स्प्लिट एसी, दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग, तिमाही संपली की बिल. एप्रिल ते जूनचं बिल ४ जुलैला गेलं, २२ जुलैला पैसे जमा झाले. २९ जुलैला सकाळी कारखान्याच्या अकाउंट्समधून मॅडमचा फोन येतो: "भाऊ, हे बिल काहून वाढलं? नवा रेट तर जुलैपासून होता नं?"

मॅडम बरोबर आहेत. कंत्राटाच्या नूतनीकरणात दर एसीमागे १,१५० रुपयांवरून १,३०० झाला, पण तो १ जुलैपासून. तुमच्याकडे १ जुलैला कोणीतरी टॅलीत नवा दर टाकून ठेवला आणि ४ तारखेला जुन्या तिमाहीचं बिल बनवताना तोच दर आपोआप लागला. काम जूनपर्यंतचं, दर जुलैचा.

हा लेख याच एका प्रसंगाबद्दल आहे: जास्तीचं बिल गेलं, पैसेही आले, आणि आता चूक कबूल करणारा मेल लिहायचा आहे. नव्या माणसाला वाटतं की यातली अवघड गोष्ट म्हणजे माफीची भाषा. भाषा दहा मिनिटांत जमते. खरं काम मेल उघडण्याआधीचं आहे, आणि ते नीट झालं की मेल जवळजवळ स्वतःच लिहिला जातो.

फोनवर काय बोलायचं

फोनवर "नाही मॅडम, बिल बरोबरच आहे" म्हणू नका, आणि "हो हो, चुकलंच आमचं, पैसे परत करतो" असंही म्हणू नका. दोन्ही उत्तरं न पाहता दिलेली आहेत. बिल क्रमांक विचारून घ्या, त्यांना नेमकं काय खटकलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि वेळ सांगा: "पाहतो जी, आज पाचपर्यंत मेलवर कळवतो." वेळ तीच सांगा जी पाळता येईल.

फोन ठेवला की तीन ओळींचा मेल लगेच टाकावा, असं माझं मत आहे. "आपला फोन मिळाला. बिल क्र. ११८ मधला दर आम्ही कंत्राटाशी ताडून पाहत आहोत. आज संध्याकाळी ५ पर्यंत आकड्यांसह उत्तर देतो." यात माफी नाही, कबुलीही नाही. मॅडमना मात्र त्यांच्या साहेबांना दाखवायला काहीतरी मिळतं, आणि पुढचा मोठा मेल याच साखळीत उत्तर म्हणून जातो.

आपल्याकडे इथे एक सवय आहे: "मेल कशाला, मी येतोच बुटीबोरीला, बसून बोलू." वर्धा रोडने गाडी काढून जायला हरकत नाही. मोठी रक्कम असेल किंवा संबंध जुने असतील तर जावंही. पण चहा पिऊन मिटलेली गोष्ट मॅडमच्या लेजरमध्ये कुठेच दिसत नाही. वर्षअखेरीला ऑडिटर विचारतो तेव्हा त्यांच्या हातात कागद लागतो. भेट मेलनंतर घ्या.

आधी आकडा पक्का करा

आता कागद काढा: कंत्राट किंवा नूतनीकरणाचं पत्र, बिल, बँकेतली जमा नोंद. आपल्या उदाहरणात हिशोब असा निघतो.

गेलेलं बिल: ४८ एसी गुणिले १,३०० म्हणजे ६२,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ११,२३२. एकूण ७३,६३२.

जायला हवं होतं ते बिल: ४८ गुणिले १,१५० म्हणजे ५५,२००. जीएसटी ९,९३६. एकूण ६५,१३६.

फरक ८,४९६ रुपये. त्यात मूळ रक्कम ७,२०० आणि जीएसटी १,२९६. क्लायंट महाराष्ट्रातलाच असल्याने तो जीएसटी ६४८ केंद्राचा आणि ६४८ राज्याचा असा निम्मा-निम्मा.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पुढे एक छोटा खड्डा आहे आणि नवा माणूस हमखास त्यात पडतो. बँकेत ७३,६३२ आलेलेच नाहीत. ७३,००८ आले आहेत. कारण क्लायंटने ६२,४०० वर १ टक्का, म्हणजे ६२४ रुपये टीडीएस कापला. (फर्म मालकाच्या एकट्याच्या नावावर आहे म्हणून १ टक्का. भागीदारी किंवा कंपनी असती तर २ टक्के. आणि जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असल्याने टीडीएस मूळ रकमेवरच कापतात.) बिल बरोबर असतं तर टीडीएस ५५२ झाला असता आणि बँकेत ६४,५८४ आले असते. म्हणजे बँकेकडे पाहिलं तर जास्तीचे ८,४२४ आले, आणि बिलाकडे पाहिलं तर ८,४९६. मधले ७२ रुपये क्लायंटने तुमच्या पॅनवर आयकर खात्यात भरले आहेत.

मग परत किती करायचे? ८,४९६. कारण क्लायंटच्या खिशातून तेवढेच गेलेत. ७२ रुपये तुमच्या हातात आले नसले तरी तुमच्या नावाने जमा आहेत आणि तुम्ही ते तुमच्या करातून वळते करून घ्याल. शिवाय ८,४२४ परत केलेत तर त्यांच्या लेजरमध्ये तुमच्या नावावर ७२ रुपये लोंबकळत राहतात, आणि ७२ रुपयांवरून वर्षअखेरीला पुन्हा चार फोन होतात. आयकर पोर्टलवरच्या तुमच्या टीडीएसच्या नोंदीत मात्र ६२,४०० दिसतील आणि तुमच्या वहीत ५५,२००, तेव्हा ही गोष्ट आपल्या सीएंच्या कानावर आजच घाला.

मेलमध्ये चुकीचा आकडा गेला तर माफीच्या मेलची माफी मागणारा दुसरा मेल लिहावा लागतो. म्हणून आकडा मालकांना किंवा सीएंना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चूक एकाच बिलात आहे का?

हा प्रश्न क्लायंट विचारायच्या आधी तुम्ही स्वतःला विचारायचा. चूक कशी झाली ते कळलं की ती आणखी कुठे झाली असेल तेही कळतं. दर १ जुलैला बदलला. म्हणजे १ जुलैनंतर बनलेली, पण जूनपर्यंतच्या कामाची सगळी बिलं संशयित आहेत. टॅलीत विक्रीची नोंदवही उघडून १ ते २९ जुलै एवढाच काळ घ्या आणि प्रत्येक बिलाचा दर कंत्राटाशी जुळवा.

समजा हिंगण्याच्या एका क्लायंटचंही बिल तसंच निघालं. त्याने अजून तक्रार केलेली नाही, कदाचित करणारही नाही. तरी त्याला आजच कळवा. नागपूरचं औद्योगिक वर्तुळ तसं लहान आहे. बुटीबोरीचे अकाउंटंट आणि हिंगण्याचे अकाउंटंट कित्येकदा एकाच सीएंकडे बसलेले सापडतात.

त्याच कारखान्याची मागची बिलंही चाळा, किमान चालू आर्थिक वर्षाची. मेलमध्ये "आपली एप्रिलपासूनची इतर बिलं तपासली, त्यांत फरक नाही" हे एक वाक्य लिहिता आलं की मॅडमचा अर्धा दिवस वाचतो. न तपासता मात्र ते वाक्य लिहू नका.

बिल दुरुस्त करून पुन्हा पाठवू नका

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा मार्ग म्हणजे टॅलीत बिल क्र. ११८ उघडायचं, दर बदलायचा, नवी पीडीएफ पाठवायची आणि लिहायचं, "कृपया जुनं बिल रद्द समजावे." यामुळे एकाच क्रमांकाची दोन बिलं तयार होतात. त्यांच्या खात्यात जुनं नोंदलंय, त्यावर पैसे गेलेत, टीडीएस कापलाय. तुमच्या खात्यात नवं. जुळणी कधीच लागत नाही.

बिल जारी झालं आणि त्यात रक्कम किंवा कर जास्त लागला असं नंतर कळलं, तर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये क्रेडिट नोटची सोय आहे. क्रेडिट नोट म्हणजे मूळ बिल तसंच ठेवून त्यातून एवढी रक्कम कमी केली असं सांगणारा वेगळा कागद. तिला स्वतःचा क्रमांक, स्वतःची तारीख आणि मूळ बिलाचा क्रमांक व तारीख हवी. आपल्या उदाहरणात ती ७,२०० अधिक १,२९६ ची निघेल.

तारखेचं गणित बघा, कारण ते मेलमध्ये सांगायचं आहे. क्रेडिट नोट ३० जुलैला काढली तर ती जुलैच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे तुमच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये जाते, जो दरमहा भरणाऱ्यांना ११ ऑगस्टपर्यंत भरायचा असतो. त्यातून १४ ऑगस्टला क्लायंटचं जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं किती क्रेडिट घेता येईल ते दाखवणारं विवरण तयार होतं, आणि त्यात मूळ बिल आणि क्रेडिट नोट दोन्ही दिसतात. त्यांना हे फार सोयीचं पडतं: जास्तीचं क्रेडिट घेतलं आणि मग परत केलं असा प्रकारच होत नाही. तुम्ही दोन ऑगस्टपर्यंत टंगळमंगळ केलीत तर क्रेडिट नोट ऑगस्टच्या रिटर्नमध्ये जाते आणि त्यांना १,२९६ रुपयांचं क्रेडिट आधी घेऊन पुढच्या महिन्यात कमी करावं लागतं. मेलला उशीर झाला तर समोरच्याला बसणारा खरा त्रास हा असतो. (तुमची फर्म तिमाही रिटर्न भरत असेल तर तारखा वेगळ्या येतील, सीएंना विचारून खरा महिना लिहा.)

पोर्टलवर आता इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आहे. तिथे तुमची क्रेडिट नोट क्लायंटला दिसते आणि तो ती स्वीकारू किंवा नाकारू शकतो. नाकारली तर तुमचा कमी झालेला कर पुन्हा तुमच्या माथी येतो. नाकारण्यामागे बहुतेक वेळा राग वगैरे नसतो, "ही कसली नोट, आपल्याला माहीत नाही" एवढंच असतं. म्हणून क्रेडिट नोटचा क्रमांक मेलमध्ये ठळक हवा. फर्मची उलाढाल ई-इन्व्हॉइसच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर क्रेडिट नोटलाही आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइस पोर्टलवरून मिळणारा क्रमांक लागतो, हेही लक्षात असू द्या.

आता मेल

आधी नको असलेला मेल पाहू. हा मी बनवलेला आहे, पण असे मेल तुम्ही वाचले असतील.

> महोदय, आपणांस कळविण्यात येते की काही तांत्रिक कारणास्तव आपल्या देयकामध्ये किरकोळ तफावत आढळून आली आहे. सदर बाबतीत योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व. आपले सहकार्य अपेक्षित आहे.

यात चूक कोणी केली ते नाही. तफावत "आढळून आली", कार्यवाही "करण्यात येईल". जणू बिल आभाळातून पडलं. किती रुपयांची तफावत, कोणत्या बिलात, कधी परत, काहीच नाही. "किरकोळ" हे तर तुम्ही ठरवायचंच नाही, कारण पैसे त्यांचे गेलेत. "तांत्रिक कारण" हेही खरं नाही: टॅलीने सांगितलेला दर लावला, सांगणारं माणूस होतं. आणि शेवटी सहकार्य मागितलंय ते कशासाठी, हे मॅडमना कळणार कसं?

आता पाठवायचा मेल. विषयाच्या ओळीत "माफी" किंवा "तातडीचे" असं काही नको. मॅडम सहा महिन्यांनी शोधतील तेव्हा बिल क्रमांकाने शोधतील.

> विषय: बिल क्र. ११८ (४ जुलै): ८,४९६ रुपये जास्त आकारले, क्रेडिट नोट सोबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> काल सकाळी आपण दाखवलेली चूक बरोबर आहे. एप्रिल-जून तिमाहीच्या बिल क्र. ११८ मध्ये आम्ही दर एसीमागे १,१५० ऐवजी १,३०० रुपये दर लावला. नवा दर १ जुलैपासूनच्या कामाला लागू आहे. ही चूक आमची आहे आणि त्याबद्दल आम्ही आपली माफी मागतो. बिल पाठवण्यापूर्वी ती आमच्या लक्षात यायला हवी होती.
>
> हिशोब असा आहे:
> आकारलेली रक्कम: ७३,६३२ (६२,४०० + जीएसटी ११,२३२)
> योग्य रक्कम: ६५,१३६ (५५,२०० + जीएसटी ९,९३६)
> जास्त आकारलेले: ८,४९६ (७,२०० + जीएसटी १,२९६)
>
> या रकमेची क्रेडिट नोट क्र. ७ (३० जुलै) सोबत जोडली आहे. ती आमच्या जुलैच्या जीएसटीआर-१ मध्ये जाईल. पोर्टलवर दिसल्यावर कृपया ती स्वीकारावी आणि आपले क्रेडिट तेवढे कमी करावे.
>
> ८,४९६ रुपये आपल्याला कसे हवेत, एवढे कळवावे: ५ ऑगस्टपर्यंत बँकेत परत, की जुलै-सप्टेंबरच्या बिलातून वजा? आपले उत्तर ३ ऑगस्टपर्यंत आले नाही, तर ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात आम्ही ५ तारखेला परत करू.
>
> आपली १ एप्रिलपासूनची इतर बिले आम्ही तपासली. त्यांत फरक नाही. यापुढे दर बदलल्यानंतरचे प्रत्येक क्लायंटचे पहिले बिल कंत्राटाशी ताडून दुसरी व्यक्ती सही करेल, मगच ते पाठवले जाईल.
>
> काही शंका असल्यास मला थेट फोन करावा.
>
> (नाव, पद, फोन)

मेल ३० जुलैला सकाळी, क्रेडिट नोटसह जातो. मग २९ च्या संध्याकाळी पाचला काय? तीन ओळी: चूक आमची आहे, फरक ८,४९६ आहे, क्रेडिट नोट उद्या सकाळी पाठवतो. पाचचा शब्द पाळलाच पाहिजे.

यातली काही वाक्यं अशीच का

माफी पहिल्या परिच्छेदातच आहे आणि एकदाच आहे. सुरुवातीला माफी, मध्ये दिलगिरी, शेवटी पुन्हा क्षमस्व, असं केलं की वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला समजावलं जातंय. चौथ्या ओळीनंतर मॅडमना आकडे हवे असतात.

माफी "आम्ही" मागतो. बिल ज्या मुलाने बनवलं त्याचं नाव किंवा "आमच्या नवीन स्टाफकडून" असं मेलमध्ये येऊ देऊ नका. क्लायंटचा करार फर्मशी आहे. शिवाय उद्या तोच मुलगा त्यांना फोन करणार आहे.

दोन पर्याय दिले आहेत, पण तिसरी वाटही ठरवून टाकली आहे: उत्तर नाही आलं तर पैसे परत. नुसतं "कसे हवेत ते कळवा" लिहिलं की मेल मोठ्या कंपनीत तीन टेबलांवर फिरतो आणि महिनाभर उत्तर येत नाही. मग पैसे तुमच्याकडे पडून राहतात आणि दिसायला तुम्हीच दाबून ठेवल्यासारखं दिसतं. वजावटीचा पर्याय त्यांनी घेतला तर सप्टेंबर तिमाहीच्या ७३,६३२ मधून ८,४९६ जाऊन ६५,१३६ येणं राहील. टीडीएस किती रकमेवर कापायचा ते त्यांचा अकाउंटंट ठरवेल. त्यात आपण पडू नये.

"पुन्हा असं कधीही होणार नाही" हे वाक्य मी काढून टाकायला सांगेन. ते तुमच्या हातात नाही, आणि पुढच्या वर्षी आणखी एक चूक झाली तर तोच मेल समोर ठेवला जाईल. त्याऐवजी एक छोटा बदल लिहा जो प्रत्यक्षात करणार आहात. बदल मालकांना विचारूनच लिहा. दुसरी सही कोण करणार हे ऑफिसात कोणालाच माहीत नसेल तर ते वाक्य खोटं आहे.

मेलमध्ये बँक खात्याचा तपशील कुठेच नाही, दिलेलाही नाही आणि मागितलेलाही. बिलातली चूक, परतावा, नवं खातं या तीन गोष्टी एकत्र आल्या की चांगला अकाउंटंट सावध होतो, कारण फसवणुकीचे मेल नेमके असेच असतात. म्हणून नेहमीच्याच ईमेलवरून, जुन्याच साखळीत लिहा, आणि पैसे आले त्याच खात्यात पाठवा. "आमच्या दुसऱ्या खात्यात पाठवा" असं उत्तर आलं तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा, मेलमध्ये आलेल्या नंबरवर नाही.

मेलमध्ये काय घुसवायचं नाही

समजा याच कारखान्याकडे तुमचं मार्चचं एक बिल अजून थकलंय. हात शिवशिवतील: एवढं लिहितोच आहोत तर "सोबत आपणाकडील थकबाकीचीही आठवण" टाकून द्यावी. नको. त्या एका ओळीने माफी सौदा होऊन जाते. थकबाकीचा मेल आठवड्याने, वेगळ्या विषयाने पाठवा. आणि त्यांच्या परवानगीशिवाय ८,४९६ त्या थकबाकीत वळते तर अजिबात करू नका.

उलट बाजूनेही असं होतं. मॅडमचं उत्तर येतं: "ठीक आहे, पण स्टोअरमधल्या तीन एसींची सर्व्हिसिंग झालीच नव्हती, त्याचेही कमी करा." आता तुम्ही माफीच्या मनःस्थितीत आहात आणि "हो मॅडम" तोंडातून निघून जाऊ शकतं. इथे थांबा. दराची चूक कागदावर सिद्ध आहे, सर्व्हिसिंगची नाही. तिच्यासाठी जॉब शीट आहेत, त्यांवर कारखान्याच्या माणसाच्या सह्या आहेत. उत्तर असं द्या:

> क्रेडिट नोट क्र. ७ फक्त दराच्या फरकाची आहे आणि तिचा परतावा ठरल्याप्रमाणे ५ तारखेला होईल. स्टोअरमधल्या तीन एसींच्या जॉब शीट आम्ही तपासत आहोत. त्याबद्दल सोमवारी वेगळे कळवतो.

यात वाद नाही, नकार नाही, आणि जे कबूल केलंय ते अडवून ठेवलेलंही नाही.

घाईत सवलतही देऊ नका. "पुढच्या बिलावर ५ टक्के सूट" हे मालकांचं ठरवायचं काम आहे, आणि आठ हजारांच्या चुकीवर, जी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली, त्याची गरजही नसते. पैसे परत देताना संत्रा बर्फीचा डबा पाठवण्याचा मोहही आवरा. दिवाळीला द्या, खुशाल द्या. पण परताव्याच्या आठवड्यात अकाउंट्सच्या टेबलावर ठेवलेला डबा मॅडमनाच अडचणीत आणतो, कारण बऱ्याच कंपन्यांत पुरवठादाराकडून भेट घेण्यावर बंदी असते.

कोणाला प्रत पाठवायची? मॅडमना, आणि बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ते आधीपासून साखळीत असतील तर. आपल्या बाजूने मालकांना. कारखान्याच्या डायरेक्टरांना नाही. आठ हजारांच्या फरकासाठी वरपर्यंत प्रत गेली की मॅडमना प्रश्न येतो, "पैसे देण्याआधी तुम्ही दर पाहिला नव्हता का?" चूक तुमची आणि जबाब त्यांचा, असं होऊ देऊ नये.

मेल मराठीत लिहायचा की इंग्रजीत, हा इथला नेहमीचा प्रश्न. ज्या भाषेत आजवरची साखळी आहे त्याच भाषेत लिहा. फोन हिंदीत, मेल इंग्रजीत, समोरासमोर मराठी असं नागपुरात सर्रास चालतं. पण कारखान्याची मंजुरी मुंबई किंवा चेन्नईच्या मुख्य कार्यालयातून होत असेल तर इंग्रजीच बरं, म्हणजे मॅडमना भाषांतर करत बसावं लागणार नाही. क्रम मात्र हाच ठेवा.

पाठवल्यानंतर

५ ऑगस्टला पैसे पाठवल्यावर त्याच साखळीत दोन ओळी टाका: किती पाठवले, कधी, आणि यूटीआर क्रमांक. १४ ऑगस्टनंतर मॅडमना एकदा विचारा की क्रेडिट नोट २बी मध्ये दिसली का आणि स्वीकारली का. दिसली नसेल तर आधी त्यांच्या जीएसटी क्रमांकातला एखादा अंक चुकलाय का ते बघा. ही दुरुस्ती त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच करता येते. एवढा वेळ आहे म्हणून ती फाइल कपाटात ठेवू नका.

शेवटी दोघांचं लेजर जुळवून घ्या. त्यांच्याकडून तुमच्या खात्याचा उतारा मागवा: बिल ७३,६३२, टीडीएस ६२४, भरणा ७३,००८, क्रेडिट नोट ८,४९६, परतावा ८,४९६, बाकी शून्य. शून्य आलं की ती साखळी बंद करा. ७२ रुपये बाकी दिसले तर परतावा करताना कोणीतरी बँकेतला आकडा धरलाय, बिलातला नाही.